तालमींनो, या वेळी गाळ उपसायला येऊ नका

कोल्हापूर शहरातल्या सर्व तालीम मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि आखाड्यातली पोरं यांना सप्रेम नमस्कार.

मी नदीकाठच्या एका पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस. आज गुरुवार. पहाटे पाणी उतरलं आणि सकाळी सहाला आम्ही तळमजल्याचं दार उघडलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आम्हालाही पाठ होतं, म्हणून वरच्या फळ्यांवरची पुस्तकं बुधवारी दुपारीच माडीवर नेली होती. खालच्या दोन फळ्या मात्र "पाणी इथवर येत नाही" म्हणून राहू दिल्या. पाणी आलं. साधारण २,४०० पुस्तकं भिजली आहेत.

तुम्हाला आज रात्रीच लिहितोय, कारण हे काम सोमवारवर टाकता येत नाही. पुस्तक पाण्याखाली असेपर्यंत त्याला बुरशी फारशी धरत नाही. पाणी उतरून हवा लागली, की साधारण ४८ तासांत ती दिसायला लागते. ऑगस्टातल्या आपल्या दमट हवेत तर ती वाटच बघत असते. आमचे ४८ तास शनिवारी सकाळी संपतात, त्यामुळे शनिवारी सकाळीच काम सुरू व्हायला हवं आणि रविवारी संपायला हवं.

तुमची सवय मला ठाऊक आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात तुमची पोरं गळ्याइतक्या पाण्यातून म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन आली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. निरोप गेला की दीडशे पोरं फावडी घेऊन दारात उभी राहतील आणि दोन तासांत तळमजला आरशासारखा करून जातील. तेच करू नका, हे सांगायला हे पत्र आहे. गाळ उपसायचं काम आम्ही पैसे देऊन करून घेणार आहोत. तुमच्याकडून हवंय ते बोटांच्या टोकांनी करायचं काम, आणि ते फुकट हवंय. कुठलं काम का फुकट आणि कुठलं का पगारी, हे आधी सविस्तर सांगतो, कारण एकदा हे न सांगितल्यामुळे माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे.

२०१९ चा पूर ओसरल्यावर दुसऱ्या एका संस्थेची इमारत साफ करायला आम्ही काही जणांनी पुढाकार घेतला होता. संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण हाक मारणारा मीच होतो. गल्लीत उभा राहून म्हणालो, "दोन दिवस या सगळे, सगळ्यांचं बघू." त्या 'बघू'त मला चहा, जेवण आणि आभार एवढंच म्हणायचं होतं. रविवारी संध्याकाळी रांग लावून एकेकाला नारळ आणि छापील प्रशस्तिपत्र दिलं. रांगेत एक मावशी होत्या. चार घरची धुणीभांडी दोन दिवस बंद ठेवून आल्या होत्या, अंगावरचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं कडक झालेलं. त्यांनी प्रशस्तिपत्र उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून, आणि मला विचारलं, "दादा, पैसं उद्या मिळणार व्हय?" मी काय उत्तर दिलं ते सांगत नाही. पैसे नंतर मी खिशातून दिले, पण ते मजुरी म्हणून राहिले नाहीत, दान झालं, आणि ते घेताना त्यांची मान खाली होती. चूक माझ्या एका शब्दाची होती.

त्या दिवशी दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली, तिचा संबंध थेट तुमच्याशी आहे. त्या गाळात रोजंदारीवरचे चार हमालही उतरले होते. शेजारी तालमीची पोरं "पैसे कसले घ्यायचे, आपलं गावच आहे" असं म्हणत पाट्या उचलत होती. ते ऐकत काम करणाऱ्या हमालाला संध्याकाळी मजुरी मागायची लाज वाटते. चारपैकी दोघे पैसे न घेताच निघून गेले. तुमच्या मोठेपणाची किंमत त्या दोघांनी भरली.

म्हणून या वेळी पहिला नियम असा: एकच काम काहींनी फुकट आणि काहींनी पैसे घेऊन, असं होणार नाही. काम वाटलेलं असेल. तळमजला पूर्ण पगारी, माडी जवळजवळ पूर्ण स्वयंसेवी. मधला जिना ही हद्द समजा.

तळमजल्यावर आठ जण रोजंदारीवर आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये तासाभराची जेवणाची सुट्टी, रोज ८०० रुपये, बाईमाणसाला आणि गड्याला एकच दर. मस्टरवर सही किंवा अंगठा होईल आणि पैसे त्याच संध्याकाळी हातात पडतील. दोन दिवसांचे १२,८०० रुपये आजच पाकिटात घालून ठेवले आहेत. गाळ काढणं, भिजलेली लाकडी कपाटं मोडून बाहेर काढणं, पुस्तकांचे भरलेले क्रेट जिन्यावरून वर नेणं, सगळं त्यांचं. भिजलेलं पुस्तक कोरड्याच्या दीडपट, कधी दुपटीला जातं. पंचवीस किलोचा क्रेट दिवसभर वाहणं हा हौसेचा मामला नाही.

वायरमन तळमजल्याची सगळी फिटिंग तपासून लेखी देईपर्यंत खालचं एकही बटण कुणी दाबायचं नाही. त्याची फी वेगळी. मैल्याची टाकीही भरली आहे. ती सक्शनच्या गाडीनंच उपसली जाईल, तिच्यात कुणी उतरायचं नाही, पैसे घेऊनही नाही. टेम्पोवाल्याला भाडं अधिक डिझेल.

बाईंडर दोन दिवस माडीवर उभे राहणार आहेत. त्यांनी "मी फुकट येतो" म्हटलं होतं, आम्ही नको म्हणालो. त्यांच्याकडून आम्हाला हुन्नर हवंय, आणि चुकलं तर त्यांना जाब विचारता आला पाहिजे. फुकट आलेल्या माणसाला कोण जाब विचारणार?

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि शिपाई, दोघांची रविवारी सुट्टी असते. ते येतीलच, पण स्वयंसेवक म्हणून नाही. रविवारचा जादा भत्ता आणि बदली सुट्टी, असा कार्यकारिणीनं ठराव केला आहे. आपल्याच पगारी माणसाला त्याच्याच कामासाठी 'सेवा' म्हणून बोलवायचं, ही आपल्या संस्थांची जुनी खोड आहे. नोकरी असलेला माणूस साहेबाच्या विनंतीला नाही म्हणू शकत नाही, मग ती सेवा कसली?

रात्रीची पाळीही पगारी आहे. शनिवारी आणि रविवारी रात्री आठ ते सकाळी आठ दोघे जण, प्रत्येकी १,२०० रुपये. काम हलकंच आहे, पुस्तकांतले ओले कागद काढून कोरडे घालायचे. मग पैसे का? तर ओला कागद रात्रभर आत राहिला की त्याच्याभोवतीच सकाळी बुरशी दिसते, म्हणून तिथे माणूस असेलच याची खात्री लागते. स्वयंसेवकाला रात्री दोन वाजता झोप आली आणि तो घरी गेला, तर आम्हाला बोलता येत नाही आणि बोलूही नये. ज्याला "आता जाऊ नकोस" म्हणायचा हक्क आम्हाला हवा, त्याला आम्ही पैसे देतो. ज्याला कधीही उठून जाता येतं, तो स्वयंसेवक. पगारी आणि फुकट यातली रेघ आम्ही अशीच ओढली आहे, कामाच्या मोठेपणावरून ओढलेली नाही.

आता तुमचं काम. ते ऐकायला बायकी वाटेल, पण मनगटात जोर असून तो न लावणं म्हणजे काय, हे लाल मातीतल्या पोराला वेगळं शिकवायला नको.

भिजलेली पुस्तकं आम्ही आजच तीन ढिगांत लावली. साधारण ११०० पुस्तकं अशी आहेत की ती बाजारात पुन्हा मिळतात, किंवा वर त्यांच्या दुसऱ्या प्रती आहेत. ती सोडून दिली. रद्दीत काय जावं हे ठरवायचा अधिकार फक्त ग्रंथपालांना आहे, स्वयंसेवकानं त्या ढिगाला हात लावायचा नाही, वाईट वाटलं तरी. ४०० पुस्तकं गोठवायची आहेत. उरलेली ९०० माडीवर हवेवर वाळवायची, आणि इथेच तुम्ही लागता.

गोठवायचं म्हटल्यावर आमचेच सभासद हसले. पण उणे १८ अंशांवर बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते आणि आपल्याला काही महिन्यांची उसंत मिळते. नंतर वीस-वीस पुस्तकं बाहेर काढून सावकाश वाळवता येतात. एका आइस्क्रीमच्या गोदामाच्या मालकांनी दोन महिने जागा फुकट दिली आहे. तिथल्या हमालांची मजुरी मात्र आम्ही देतोय, मालकांच्या दानात त्यांच्या घामाची गणना झालेली नाही. या ढिगात जुन्या दिवाळी अंकांचे गुळगुळीत कागदाचे गठ्ठे आहेत. तो कागद वाळायला लागला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की अंकाची वीट होते, आणि ती वीट पुन्हा सुटत नाही. म्हणून ते अंक ओलेच ठेवून ओलेच गोठवायचे. हाताने लिहिलेल्या नोंदवह्याही याच ढिगात आहेत.

त्यातली एक वही सकाळी माझ्या हातात होती, सभासदांची जुनी नोंदवही. दौत-टाकाने लिहिलेली, निळ्या-काळ्या शाईची. पाणी कडेनं आत शिरलंय. कडेच्या दोन बोटांच्या पट्टीत अक्षरांचे निळे ढग झालेत आणि आतल्या बाजूला नावं अजून स्वच्छ वाचता येतात. हा ढग तासातासाला आत सरकतो. अशी वही धुवायची नाही, उघडायची नाही, पुसायची तर मुळीच नाही. बाहेरून टीपकागद नुसता टेकवायचा, बटरपेपरमध्ये सैल गुंडाळायची, पुठ्ठ्याची पाठ खाली करून क्रेटमध्ये एकाच थरात ठेवायची, आणि दोन वह्यांत बोटभर जागा सोडायची. हे गुंडाळायचं काम स्वयंसेवकांचं आहे, प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलनं नंबर टाकून यादीत लिहायचंही. पेनानं नाही, पेनाची शाईही ओलीला पसरते.

वाळवायच्या ९०० पुस्तकांचं असं आहे. फळीतून काढताना पुस्तक फुगून अडकलेलं असतं. आपण सवयीनं पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतो, आणि पाठ हातात येते. ते काढायचं काम बाईंडर आणि हमालच करतील. तुमच्याकडे येईल तेव्हा ते बंद, चिखलानं माखलेलं असेल. बंद ठेवूनच, घट्ट धरून, साध्या पाण्याच्या तीन टपांतून एकामागून एक बुडवून काढायचं. स्पंजनं टिपायचं, चोळायचं नाही, चोळलं की चिखल पानांत जातो. पिळायचं किंवा दाबायचं तर नाहीच. मग पाणी निथळेपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतर खरं काम: दर वीसेक पानांनी एक कोरा कागद घालायचा. छापलेलं वर्तमानपत्र चालत नाही, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. एका छापखान्यानं न्यूजप्रिंटच्या रिळांचा उरलेला कोरा कागद दिलाय, तो कापून ठेवलाय. घातलेल्या कागदांची जाडी पुस्तकाच्या एक तृतीयांशाहून जास्त झाली तर शिवण तुटते, तेव्हा पटापट संपवायच्या नादात कोंबू नका. पान सुटत नसेल तर ओढायचं नाही, तिथे कागद न घालता पुढे जायचं. ओलं पान फाटताना आवाजसुद्धा होत नाही, म्हणून चूक झाल्याचं कळतही नाही.

नंतर पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी फाकवायची. पंखे हळू, आणि पुस्तकांवर थेट मारलेले नाहीत. खिडक्या बंद. इथे हमखास कुणीतरी "हवा येऊ द्या की" म्हणून खिडकी उघडणार. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली आहे. दमटपणा ओढून घेणारी दोन मशीन भाड्यानं आणली आहेत आणि भिंतीवर आर्द्रतेचा काटा लावलाय. काटा ६० च्या खाली ठेवायचा आणि खिडकीला हात लावायचा नाही.

आता माणसं किती लागतात त्याचा हिशेब. दोघांची जोडी एका पुस्तकाला साधारण दहा मिनिटं घेते, म्हणजे तासाला सहा पुस्तकं. माडीवर बारा जोड्यांनाच टेबलं पुरतात. तासाला ७२ झाली, तर ९०० पुस्तकांची पहिली फेरी साडेबारा तासांत होते, आणि कागद बदलायची दुसरी फेरी त्याहून थोडी लवकर. दोन दिवसांचे मिळून २४ तास आमच्याकडे आहेत, त्यात दोन्ही फेऱ्या जेमतेम बसतात. म्हणून एका वेळी २४ माणसं, पंचविसावं नको. पाळ्या चार-चार तासांच्या: आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. एकानं दोन दिवसांत दोनच पाळ्या करायच्या. तिसऱ्या पाळीला बोटं बधिर होतात आणि पानं फाटायला लागतात. तुमच्यापैकी सहा मंडळांनी एकेक पाळी उचलली, तर आमचं भागलं.

या कामाचे पैसे मिळणार नाहीत. मानधन नाही, बक्षीस नाही, नारळ नाही, सत्कार नाही. पुढे वाचनालयात जागा निघाली तर त्यात प्राधान्य नाही. गाडीनं आलात तर पेट्रोलचे पाळीला ५० रुपये, केएमटीनं आलात तर तिकिटाएवढे. हा तुमचा झालेला खर्च परत आहे, मोबदला नाही, आणि नको असेल तर घेऊ नका. दोन वेळचा चहा आणि एक जेवण खालच्या हमालांना मिळेल तेच, त्याच पंगतीत. हातमोजे आणि एन-९५ मास्क आम्ही देऊ. कॉलेजच्या पोरांना एनएसएससाठी तासांचं पत्र हवं असेल तर देऊ, पण चार तास केलेत तर चारच लिहू.

एक अवघड गोष्ट उरते. तुमच्यातही रोजावर जगणारी पोरं आहेत. सेंट्रिंगला जाणारा पोरगा शनिवारचा रोज बुडवून आमच्याकडे फुकट आला, तर तो स्वखुशीनं आला की मंडळाच्या भिडेनं, हे मला बाहेरून कळणार नाही. म्हणून दारात दोन वह्या असतील, स्वयंसेवकांची एक आणि रोजंदारीची एक. वहीवर बसलेला माणूस प्रत्येकाला बाजूला घेऊन एकट्यालाच विचारेल, "आज काम बुडवून आलास का?" हो म्हणालास, तर रोजंदारीत जागा असेपर्यंत नाव तिकडे लागेल आणि तू खाली काम करशील, आणि ते मंडळात कुणाला सांगितलं जाणार नाही. जागा भरल्या असतील तर स्पष्ट सांगू की आज पैशाचं काम नाही, घरी गेलास तरी चालेल. सकाळी स्वयंसेवक आणि संध्याकाळी रोजंदार, असं मात्र अधेमधे बदलता येणार नाही. अध्यक्षांना विनंती आहे, पोरांची यादी परस्पर पाठवू नका. ज्याला यायचंय त्यानं स्वतः येऊन नाव लिहावं.

विम्याचंही खरं सांगतो, आम्ही तो काढलेला नाही. काही कापलं, लागलं तर डॉक्टरचं बिल वाचनालय देईल, खालच्याचं आणि वरच्याचं सारखंच. पायाला जखम असलेल्यानं येऊ नये. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, लेप्टो त्यातूनच होतो. पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यातलं काम केल्याचं आवर्जून सांगा. दमा असलेल्यांनी आणि अठराच्या आतल्यांनी माडीवरही नको. पुस्तकावर करडी-हिरवी लव दिसली तर पुसायला जाऊ नका, पुसली की ती खोलीभर होते. पुस्तक बंद करून पिशवीत घाला आणि बाईंडरना हाक मारा.

पैसे कुठून आले, असं विचाराल. इमारत दुरुस्तीच्या खात्यातले ६१,००० रुपये कार्यकारिणीनं या कामाला वळवले आहेत. मजुरी, फी, भाडी आणि कागद धरून ४५,००० च्या आसपास खर्च दिसतोय. रोजचा हिशेब त्याच रात्री दारावर लावू. कुणाला देणगी द्यायची असेल तर पावती मिळेल, पण देणगी दिली म्हणून कुणाचं काम फुकटातून पगारीत किंवा उलट जाणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाच ते आठ वह्या दारात असतील. शनिवारची पहिली पाळी पावणेआठला जिन्यापाशी जमेल, पंधरा मिनिटं बाईंडर दाखवतील आणि आठला सुरुवात. अंगठ्या, कडी, धागे घरी ठेवा. हाताला तेल लावून येऊ नका. नखं कापून या.

आपला,
वाचनालयाचा चिटणीस